ओबीएसमध्ये चित्र आवाजाच्या मागे पडतं तेव्हा Sync Offset चा आकडा कसा काढायचा

प्रश्न: मी ओबीएसवर शिकवण्याचे व्हिडिओ रेकॉर्ड करतो. आवाज आधी येतो आणि ओठ नंतर हलतात. एका ठिकाणी वाचून Sync Offset मध्ये २०० टाकलं, थोडं बरं वाटलं, पण कधी जुळतं, कधी नाही. दुसऱ्या कुणाला ३०० लागलं म्हणे. नेमका किती आकडा टाकायचा? आणि एकदाच टाकायचा की दर वेळी बदलायचा?

उत्तर: तुमच्या प्रश्नात सगळ्यात कामाचे शब्द आहेत "कधी जुळतं, कधी नाही". आकडा नुसताच चुकीचा असता, तर आवाज रोज सारख्याच अंतराने चुकला असता. तो कधी जुळतो आणि कधी नाही, याचा अर्थ तुमच्या कॅमेऱ्याची दिरंगाईच कमी-जास्त होते आहे. हलत्या गोष्टीवर स्थिर आकडा बसत नाही. म्हणून आधी कॅमेरा एका जागी स्थिर करायचा, मग फरक मोजायचा आणि शेवटी आकडा टाकायचा. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात आणि मग दुसऱ्याचा आकडा उसना घेतात. तो आकडा दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचा, त्याच्या सेटिंगचा आणि त्याच्या खोलीतल्या उजेडाचा असतो. तुमच्या कामाचा नसतो.

चित्र मागे का पडतं हे आधी थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढच्या पायऱ्या आपोआप पटतील. मायक्रोफोनचा आवाज संगणकात शिरायला फार वेळ लागत नाही. चित्राचा प्रवास लांबचा. कॅमेऱ्याचा सेन्सर आधी काही काळ प्रकाश गोळा करतो, मग कॅमेरा त्या चित्राला बहुतेक वेळा दाबून लहान करतो, ते यूएसबीतून येतं, संगणक ते पुन्हा उलगडतो आणि मग ते ओबीएसच्या हाती पडतं. कॅमेऱ्याच्या पोटात किती वेळ गेला याची ओबीएसला कल्पना नसते. चित्र हातात आलं, तेव्हा ते "आत्ताचं" धरून त्याच क्षणाच्या आवाजाशेजारी ठेवलं जातं. तो आवाज मात्र तुम्ही नंतर काढलेला असतो. माझ्या कामात साध्या वेबकॅमचा हा फरक साधारण शंभर ते दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास निघतो. पण तुमचा मोजल्याशिवाय कळणार नाही.

जे चित्र अजून आलेलंच नाही, ते लवकर दाखवता येत नाही. त्यामुळे उपाय एकच उरतो, आवाजाला थांबवून धरायचं. Sync Offset नेमकं हेच करतं. तिथे टाकलेला धन आकडा तितके मिलिसेकंद आवाज उशिरा सोडतो. ऋण आकडा आवाज लवकर आणतो, आणि तो उलट्या तक्रारीसाठी आहे, म्हणजे आवाजच चित्रामागे पडत असेल तेव्हा, उदाहरणार्थ मायक्रोफोन ब्लूटूथचा असेल तर. या रकान्यात -९५० पासून २०,००० मिलिसेकंदांपर्यंतचा आकडा चालतो. तुमच्यासारख्या तक्रारीत आकडा नेहमी धन असतो. चुकून उणे चिन्ह पडलं तर फरक मिटण्याऐवजी साधारण दुप्पट होतो. आकडा टाकल्यावर प्रकरण जास्त बिघडलं, तर आधी चिन्ह बघा.

किती अचूक हवं?

मोजायला बसण्याआधी हे माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस पाच-पाच मिलिसेकंदांच्या मागे लागतो. प्रकाश आवाजापेक्षा कितीतरी पट वेगवान असल्यामुळे, लांब कुणी हातोडा मारला की घाव आधी दिसतो आणि ठोका नंतर ऐकू येतो. आवाज थोडा उशिरा येणं कानाला आणि मेंदूला सवयीचं आहे. आवाज आधी येणं निसर्गात घडतच नाही, म्हणून ते लगेच खटकतं. प्रसारणाच्या जगात यावर मोजमापं झालेली आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, म्हणजे आयटीयूच्या, बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला की लोकांच्या लक्षात येऊ लागतं, पण उशिरा येणारा आवाज १२५ मिलिसेकंदांच्या आसपास लक्षात येतो. युरोपीय प्रसारण संघाची ईबीयू आर३७ ही शिफारस जास्त कडक आहे. तिच्यात आवाज ४० मिलिसेकंद आधी आणि ६० मिलिसेकंद उशिरा, एवढीच मोकळीक आहे.

यातून मी स्वतःसाठी एक साधा नियम ठेवला आहे. शक्यतो एका फ्रेमच्या आत जुळवायचं, आणि शंका असेल तेव्हा आकडा वरच्या बाजूला न्यायचा, खालच्या नाही. ३० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांची असते. आवाज तेवढा उशिरा आला तर कुणाला कळणार नाही, पण तेवढाच आधी आला तर बारीक लक्ष देऊन बघणाऱ्याला कुठेतरी टोचतं.

आधी कॅमेरा स्थिर करा

तुमच्या "कधी जुळतं, कधी नाही" मागे माझा पहिला संशय उजेडावर आहे. वेबकॅमचं एक्स्पोजर स्वयंचलित असेल तर उजेड कमी झाल्यावर कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ प्रकाश गोळा करतो. त्या नादात तो सेकंदाला ३० ऐवजी १५ चित्रं देऊ लागतो. ओबीएसचं रेकॉर्डिंग ३० फ्रेमचंच राहतं, फक्त प्रत्येक चित्र दोनदा लिहिलं जातं. चित्र जुनं होत जातं आणि फरक वाढतो. सकाळी खिडकीच्या उजेडात जुळलेला आकडा संध्याकाळी दिव्याखाली चुकतो, तो यामुळे.

हे ओळखायला एखादं अंधुक उजेडातलं रेकॉर्डिंग एडिटरमध्ये उघडा आणि हात हलत असेल तिथे बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जा. प्रत्येक कळीला हात थोडा सरकला पाहिजे. एकदा सरकतो, पुढच्या कळीला जागचा हलत नाही, मग पुन्हा सरकतो, असं दिसलं तर कॅमेरा अर्ध्या वेगाने चालला आहे.

दुरुस्तीसाठी विंडोजवर Sources मधल्या वेबकॅमवर उजवी क्लिक करून Properties उघडा. तिथे Configure Video हे बटण आहे. ते कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरची स्वतःची खिडकी उघडतं. Camera Control या पानावर Exposure समोरची Auto ची खूण काढा आणि आकडा स्वतः ठरवा. Low Light Compensation असा पर्याय दिसला तर तोही बंद करा. चित्र काळवंडलं तर एक्स्पोजर पुन्हा वाढवू नका, चेहऱ्यासमोर दिवा आणा. कॅमेऱ्यांच्या ड्रायव्हरमध्ये एकसारखेपणा नाही, त्यामुळे तुमच्याकडे ही खिडकी थोडी वेगळी दिसू शकेल किंवा एखादी खूण नसेलही. तसं असेल तर उजेड वाढवणं हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि तो जवळजवळ नेहमी पुरतो.

त्याच Properties मध्ये Resolution/FPS Type हे Device Default वरून Custom करा. मग रिझोल्यूशन, FPS आणि Video Format हाताने निवडा. Device Default ठेवलं तर काय मिळेल हे कॅमेऱ्याच्या मर्जीवर राहतं. आपल्याला रोज तेच हवं आहे. खाली Buffering नावाचा पर्याय असतो. तो Auto-Detect वर असतो, तो Disable करून पाहा. बफरिंग म्हणजे चित्र थोडं साठवून एकसारख्या चालीने पुढे पाठवणं. त्याने धक्के कमी होतात, पण उशीर वाढतो. बंद केल्यावर चित्र धक्के खाऊ लागलं तर पुन्हा चालू करा. उशीर स्थिर असेल तर तो आपण आवाजाने भरून काढणारच आहोत.

वेबकॅमवर पार्श्वभूमी काढणारं किंवा धूसर करणारं फिल्टर लावलेलं असेल तर तेही आत्ताच ठरवा, ठेवायचं की काढायचं. अशी फिल्टर स्वतःचा वेळ खातात. मोजून झाल्यावर ती लावली किंवा काढली तर मोजमाप वाया जातं.

मग मोजा

मोजायला टाळीपेक्षा चांगलं साधन नाही. आवाजाचा टोकदार सुळका आणि हात टेकल्याचा स्पष्ट क्षण, दोन्ही एकदम मिळतात. Sync Offset शून्य करा. Settings मधल्या Video या पानावर FPS कॅमेऱ्याइतकंच ठेवा, म्हणजे कॅमेरा ३० वर असेल तर इथेही ३०. हात कॅमेऱ्याकडे आडवे धरा, म्हणजे दोन तळव्यांमधली फट कॅमेऱ्याला दिसेल. नेहमी बसता तिथेच, मायक्रोफोनच्या जवळ टाळी वाजवा. आवाज हवेतून एक मीटर जायला जवळजवळ तीन मिलिसेकंद घेतो, त्यामुळे मायक्रोफोन हाताच्या अंतरावर असेल तर ते विसरून जा. दोन टाळ्यांमध्ये थोडी फट ठेवून पाच टाळ्या वाजवा. एकीवर विसंबू नका.

रेकॉर्डिंग कुठल्याही एडिटरमध्ये उघडा. मी शॉटकट वापरतो, तो फुकट आहे आणि टाइमलाइनवर आवाजाचा आलेख आपोआप दाखवतो. एडिटरच्या प्रोजेक्टचे फ्रेम रेकॉर्डिंगइतकेच आहेत ना, हे बघून घ्या. रेकॉर्डिंग ३० चं आणि प्रोजेक्ट २५ चा असेल तर पुढचं सगळं गणित फसेल.

आता टाइमलाइन मोठी करा आणि पहिल्या टाळीचा सुळका जिथे सुरू होतो ती फ्रेम लिहून घ्या. मग बाणाच्या कळीने पुढे जात चित्र बघा. इथे एक बारकावा आहे. बहुतेक जण "हात टेकलेले दिसतात ती पहिली फ्रेम" मोजतात. पण हात प्रत्यक्षात टेकले ते आधीच्या फ्रेमनंतर आणि या फ्रेमच्या आधी, मधल्या वेळात. म्हणून ही पहिली फ्रेम मोजली तर फरक जवळजवळ एका फ्रेमने जास्त निघतो. त्याऐवजी *हात अजून वेगळे दिसतात अशी शेवटची फ्रेम* लिहून घ्या. हात टेकण्याचा क्षण त्याच फ्रेमच्या कालावधीत येतो. आवाजाचा सुळकाही आपण तो कुठल्या फ्रेमच्या कालावधीत येतो तसाच मोजला आहे. दोन्हीकडे एकच माप लागलं की वजाबाकी बरोबर येते.

एक प्रकरण आकड्यांसकट सांगतो, ते तुमच्या तक्रारीशी बरंच मिळतं. एक ओळखीचे गृहस्थ संध्याकाळी व्याख्यानं रेकॉर्ड करत. १०८० पी, ३० फ्रेम, सगळं स्वयंचलित. त्यांच्या पहिल्या चाचणीत पहिल्या टाळीचा सुळका ५ सेकंद १२ फ्रेमवर होता आणि हात वेगळे दिसणारी शेवटची फ्रेम ५ सेकंद २० वर. फरक ८. पुढच्या टाळ्यांचे फरक ६, ८, ७ आणि ९. पाच टाळ्यांमध्येच सहा ते नऊ, म्हणजे शंभर मिलिसेकंदांचा पसारा. अशा मोजणीची सरासरी काढून उपयोग नाही. चित्र एकेक फ्रेम पुढे नेलं तेव्हा एका आड एक फ्रेमला हात जागचा हलत नव्हता. म्हणजे कॅमेरा १५ वर आलेला होता.

मग टेबलावरचा दिवा चेहऱ्याकडे वळवला, एक्स्पोजरची Auto खूण काढली, Custom मध्ये ३० फ्रेम पक्के केले आणि बफरिंग बंद केलं. पुन्हा पाच टाळ्या. या वेळी फरक ४, ५, ४, ५, ४. आता पसारा एकाच फ्रेमचा आहे, आणि ३० फ्रेमच्या मापाने याहून बारीक दिसणारही नाही. बेरीज २२, सरासरी ४.४ फ्रेम. गणित इतकंच:

```
4.4 × 1000 ÷ 30 = 147 ms
```

वरच्या बाजूला नेण्याच्या माझ्या नियमाप्रमाणे १५० टाकलं. आधीची सरासरी ७.६ फ्रेम, म्हणजे २५० मिलिसेकंदांच्या वर होती. कुठलंही Sync Offset न लावता, नुसत्या उजेडाने आणि सेटिंगने शंभर मिलिसेकंद कमी झाले, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे उरलेला फरक स्थिर झाला.

आकडा कुठे टाकायचा आणि तपासायचा कसा

वरच्या Edit मेनूत Advanced Audio Properties आहे. ते उघडलं की आवाजाच्या सगळ्या स्रोतांची यादी दिसते. तुमच्या मायक्रोफोनच्या ओळीत Sync Offset च्या रकान्यात आकडा टाका. वेगळं सेव्ह करावं लागत नाही, खिडकी बंद केली की झालं. मायक्रोफोनचीच ओळ आहे ना, हे मात्र नीट बघा. Desktop Audio च्या ओळीत टाकलेला आकडा तुमच्या बोलण्याला काहीच करणार नाही.

याच यादीत आणखी एक घोळ दिसून येतो, तो बऱ्याच जणांकडे असतो. एकच मायक्रोफोन दोनदा जोडलेला असतो, एकदा Settings मधल्या Audio पानावर Mic/Auxiliary Audio म्हणून आणि पुन्हा सीनमध्ये Audio Input Capture म्हणून. शून्य ऑफसेटवर दोन्ही आवाज जवळजवळ एकमेकांवर बसलेले असतात, त्यामुळे आवाज फक्त थोडा मोठा वाटतो. एका ओळीला १५० दिलं की तुमचं बोलणं दुहेरी, घुमल्यासारखं ऐकू येतं आणि लोकांना वाटतं Sync Offset बिघडवतं. एक जोडणी काढून टाका.

आकडा टाकल्यावर पुन्हा टाळ्या वाजवून रेकॉर्ड करा. आता सुळका हात वेगळे दिसणाऱ्या शेवटच्या फ्रेमखालीच आला पाहिजे. वर सांगितलेल्या प्रकरणात पाचपैकी चार टाळ्या तशा आल्या आणि एक, एका फ्रेमने सरकलेली होती. तिथे थांबायचं.

तपासणी रेकॉर्डिंगवरच करा. ओबीएसच्या मॉनिटरिंगमधून हेडफोनवर ऐकून आणि पडद्यावरचं प्रीव्ह्यू बघून ठरवू नका. तुमच्या कानावर पडतं ते आणि फाइलीत जातं ते एकसारखं असेल याची खात्री नसते. रेकॉर्डिंग ऐकतानाही ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा. ते स्वतःचा उशीर घालतात. काही प्लेअर त्याची भरपाई करतात, काही करत नाहीत. एकाच फाइलीचा आवाज वायरच्या हेडफोनवर जुळलेला आणि ब्लूटूथवर मागे पडलेला वाटला, तर दोष फाइलीत नाही. आलेखावर मोजायचा हाच फायदा आहे की त्यात तुमच्या हेडफोनचा संबंध येत नाही.

Settings मधल्या Advanced पानावर Stream Delay नावाची गोष्ट आहे, तिच्याकडे वळू नका. ती चित्र आणि आवाज दोन्ही मिळून उशिरा पाठवते. दोघांमधला फरक तसाच राहतो.

फरक वाढत जात असेल तर

हे तपासल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका. तासाभराच्या एका रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला टाळी वाजवा आणि अगदी शेवटी आणखी एक. दोन्हीकडे फरक सारखाच आला तर तो स्थिर आहे आणि Sync Offset पुरेल. सुरुवातीला ४ आणि शेवटी १२ आला, तर आवाज चित्राशेजारून हळूहळू सरकतो आहे. Sync Offset सगळा आवाज एकाच मापाने हलवतं. वाढत्या फरकाला ते फक्त एका क्षणी जुळवेल, मग सुरुवात तरी चुकेल नाहीतर शेवट.

अशा वेळी मी पहिल्यांदा सॅम्पल रेट बघतो. ओबीएसच्या Settings मधल्या Audio पानावर Sample Rate 48 kHz ठेवा आणि विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये त्याच मायक्रोफोनचा फॉरमॅटही 48000 Hz करा, मग ओबीएस बंद करून पुन्हा उघडा. त्यानेही सरकणं थांबलं नाही तर मायक्रोफोन यूएसबी हबवरून काढून थेट संगणकाला लावून पाहा. चित्र मागे पडण्यापेक्षा अडखळत असेल, तर Docks मेनूतलं Stats उघडा. तिथे रेंडरिंगमध्ये किंवा एन्कोडिंगमध्ये सुटलेल्या फ्रेमचे आकडे वाढताना दिसले तर संगणकावर ताण आहे. तो आधी कमी करावा लागेल.

पडदाही दाखवत असाल तर

तुम्ही शिकवण्याचे व्हिडिओ करता, म्हणजे चेहऱ्याबरोबर बहुधा स्लाइड किंवा पडदाही दाखवत असाल. पडद्याचं चित्र वेबकॅमसारखं मागे पडत नाही. मायक्रोफोनला १५० दिलं की चेहरा आणि बोलणं एकमेकांशी जुळतात, पण दोघंही पडद्याच्या १५० मिलिसेकंद मागे जातात. स्लाइड बदलणं, कर्सर फिरवणं अशा कामात हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि माझा सल्ला तिथे काहीही न करण्याचा आहे. पण पडद्यावर काहीतरी वाजत असेल आणि तुम्ही त्याबरोबर ताल धरत असाल, किंवा क्लिकचा आवाज मायक्रोफोनमधून येत असेल, तर फरक दिसेल.

त्यावर उपाय म्हणजे पडद्यालाही तितकंच थांबवायचं. Display Capture किंवा Window Capture ला Filters मधून Render Delay लावा आणि १५० द्या, आणि Desktop Audio च्या Sync Offset मध्येही १५० टाका. आता चारही गोष्टी एका रेषेत येतात. Render Delay ची मर्यादा ५०० मिलिसेकंद आहे, आणि ते थांबवलेल्या फ्रेम ग्राफिक्स कार्डच्या स्मृतीत ठेवतं, त्यामुळे गरज असेल तरच वापरा. स्पीकर मात्र बंद ठेवा आणि हेडफोन घाला. स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरला की तोच आवाज दोन वाटांनी येतो, आणि दोन्ही वाटांचे ऑफसेट वेगळे असतील तर स्पष्ट प्रतिध्वनी ऐकू येतो.

दोन कॅमेरे असतील तर मायक्रोफोनचा ऑफसेट सगळ्यात संथ कॅमेऱ्याप्रमाणे ठरवायचा आणि वेगवान कॅमेऱ्याला Video Delay (Async) या फिल्टरने मागे खेचायचं. एकाचा फरक १५० आणि दुसऱ्याचा ७० निघाला, तर मायक्रोफोनला १५० आणि दुसऱ्या कॅमेऱ्याला ८०. कॅमेरा बदलताना आकडा बदलत बसावं लागत नाही.

पुन्हा कधी मोजायचं

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: दर वेळी नाही, पण कॅमेऱ्याच्या वाटेत काहीही बदललं की हो. रिझोल्यूशन, FPS, Video Format, बफरिंग, वेबकॅमवरचं फिल्टर, कॅमेऱ्याचं यूएसबी पोर्ट किंवा ड्रायव्हर, यातलं काहीही बदललं तर पाच टाळ्या. मायक्रोफोन बदलला तरीही, कारण Sync Offset त्या स्रोतापुरतंच असतं, नवा स्रोत जोडला की त्याचा रकाना पुन्हा शून्यावर येतो. वेगळ्या सीनमध्ये तोच मायक्रोफोन नव्या स्रोताच्या रूपात जोडला असेल तर तिथेही आकडा वेगळा टाकावा लागतो. म्हणून मी मायक्रोफोन सीनमध्ये जोडतच नाही, Settings मधल्या Audio पानावरच ठेवतो, म्हणजे सगळ्या सीनला एकच आकडा लागू होतो. संगणक बंद करून चालू केल्यावर काही मिलिसेकंद इकडेतिकडे होऊ शकतात, त्याच्यामागे लागू नका. महत्त्वाच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एक टाळी मात्र मी कायम वाजवतो. नंतर काही चुकलेलं दिसलंच, तर तेवढ्या फ्रेमनी एडिटरमध्ये आवाज सरकवता येतो, आणि ती टाळी कापून टाकायला क्षणभर लागतो.

तुम्ही ओबीएसचा व्हर्च्युअल कॅमेरा वापरून ऑनलाइन वर्गही घेत असाल, तर वरचा आकडा तिथे लागू होत नाही. व्हर्च्युअल कॅमेरा फक्त चित्र पाठवतो. आवाज बैठकीचं अ‍ॅप थेट मायक्रोफोनमधून घेतं आणि तुमच्या Sync Offset पर्यंत तो पोचतच नाही. अशा वर्गांसाठी तुमच्या हातात कॅमेऱ्याचा उशीर कमी करणंच उरतं: उजेड, पक्कं केलेलं एक्स्पोजर, बंद बफरिंग आणि कमी फिल्टर. तेवढं करूनही ओठ मागे राहिले, तर त्या वर्गापुरता ओबीएस बाजूला ठेवा आणि वेबकॅम थेट अ‍ॅपलाच जोडा.